ड्युअल-टास्क प्रयोग नीट कसा मांडायचा: वर्किंग मेमरीचे भाग वेगळे आहेत हे दाखवताना

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकात हा प्रयोग बहुतेक वेळा असा होतो. सहभागी व्यक्तीला आकड्यांची यादी पाठ करायला देतात, त्याच वेळी एक शब्द सतत पुटपुटायला लावतात, आठवण घसरते, आणि अहवालात लिहिलं जातं की फोनॉलॉजिकल लूप हा स्वतंत्र घटक असल्याचं सिद्ध झालं. यातून असं काहीच सिद्ध होत नाही. दोन कामं एकदम केली की कोणाचीही तारांबळ उडते, एवढंच कळतं.

वर्किंग मेमरी म्हणजे माहिती थोडा वेळ धरून ठेवून तिच्यावर काम करणारी स्मृती. मानसशास्त्रज्ञ बॅडली आणि हिच यांनी १९७४ साली मांडलेल्या तिच्या मॉडेलमध्ये तीन भाग होते. बोलीच्या रूपातला मजकूर धरून ठेवणारा फोनॉलॉजिकल लूप, दृश्य आणि जागांची माहिती धरणारा व्हिज्युओस्पेशल स्केचपॅड, आणि लक्ष कुठे द्यायचं ते ठरवणारा सेंट्रल एक्झिक्युटिव्ह. एपिसोडिक बफर हा चौथा भाग बॅडली यांनी २००० साली जोडला. त्याचा इथल्या प्रयोगाशी संबंध नाही. लूप आणि स्केचपॅड वेगळे आहेत हे दाखवायला प्रयोग कोणत्या क्रमाने उभा करायचा आणि तो कुठे कुठे फसतो, एवढंच इथे पाहू.

## १. आधी दावा कागदावर लिहा

दावा असा: पुटपुटण्याने आकड्यांची आठवण बिघडते पण जागांची फारशी बिघडत नाही, आणि चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरच्या बटणांवर क्रमाने टॅप करण्याने जागांची आठवण बिघडते पण आकड्यांची फारशी बिघडत नाही. दोन्ही दिशांना घसरण दिसली पाहिजे आणि ती उलटसुलट असली पाहिजे. यालाच डबल डिसोसिएशन म्हणतात.

दोन्ही दिशा का लागतात? समजा फक्त पहिली दिशा दिसली. मग कोणीही म्हणेल की आकडे पाठ करण्याचं कामच मुळात नाजूक आहे, कशानेही बिघडतं. किंवा पुटपुटणं हे टॅपिंगपेक्षा जास्त दमवणारं आहे. ही दोन्ही स्पष्टीकरणं मेंदूत एकच सामायिक साठा मानूनही चालतात. पण पुटपुटणं एका कामाला जड आणि टॅपिंग दुसऱ्या कामाला जड, असा फुलीचा आकार आला की ‘कोणतं काम अवघड’ या एकाच कारणाने तो समजावता येत नाही.

म्हणून मुख्य कामं दोन हवीत आणि जोडकामं, म्हणजे त्यांच्यासोबत करायची दुसरी कामं, हीही किमान दोन हवीत. मी त्यात तिसरं जोडकाम घालायलाच सांगेन: एकाच बटणावर ठेक्यात टॅप करत राहणं. त्यात हात हलतो आणि ठेकाही सांभाळावा लागतो, पण जागा बदलत नाही. टॅपिंगने झालेली घसरण जागेमुळे झाली की नुसत्या जादा कामामुळे, हे या अटीशिवाय सांगता येत नाही. बहुतेक प्रकल्पांत नेमकी हीच अट गाळलेली असते.

तपासणी: तुमच्या तक्त्यात दोन ओळी (आकडे, जागा) आणि चार रकाने (एकटं काम, पुटपुट, चौकोनी टॅपिंग, एका बटणावरचं टॅपिंग) आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## २. मुख्य कामं तयार करा

आकड्यांची यादी. १ ते ९ मधले आकडे, एका यादीत एक आकडा एकदाच. ३-४-५ किंवा ८-७-६ असे सलग तुकडे काढून टाका, कारण ते एका घासात लक्षात राहतात. आकडे स्क्रीनच्या मधोमध, सेकंदाला एक या वेगाने, एकामागून एक दाखवा.

आकड्यांऐवजी मराठी अक्षरं घेण्याचा मोह होतो. टाळा. क, म, ट, स सगळी ‘अ’ वर संपतात, म्हणजे कानाला एकमेकांसारखीच लागतात. सारख्या आवाजाच्या याद्या लूपमध्ये आधीच नीट टिकत नाहीत. त्यामुळे पुटपुटीने बिघडायला फारसं काही उरत नाही. एक, दोन, तीन, चार यांचे उच्चार त्या मानाने बरेच वेगळे आहेत.

यादी दाखवायची, वाचून दाखवायची नाही. ही बाब बारीक वाटते, पण निकाल इथेच ठरतो. ऐकलेला शब्द लूपच्या साठ्यात आपोआप शिरतो. पाहिलेला आकडा मात्र मनातल्या मनात उच्चारून आत न्यावा लागतो आणि पुटपुट नेमका तोच उच्चार अडवते. याचा पुरावा उच्चारसाम्याच्या परिणामात मिळतो. सारख्या आवाजाच्या याद्या जास्त चुकतात. पुटपुट चालू असताना, यादी डोळ्यांनी पाहिली असेल तर हा फरक नाहीसा होतो, पण कानांनी ऐकली असेल तर टिकून राहतो. तुम्ही यादी वाचून दाखवलीत तर घसरण कमी येईल, आणि प्रयोग फसला असं तुम्हाला वाटेल.

जागांची यादी. कोर्सी ठोकळ्यांची स्क्रीनवरची आवृत्ती वापरा. नऊ सारखे चौकोन, वेडेवाकडे पसरलेले. ते एकेक करून सेकंदाला एक या वेगाने उजळतात. मग सहभागी व्यक्ती त्याच क्रमाने त्यांच्यावर बोट ठेवते.

चौकोन ३ × ३ च्या सरळ जाळीत मांडू नका. जाळी दिसली की लोक ‘वर-डावा, मधला, खाली-उजवा’ अशी नावं देतात आणि जागांचं काम गुपचूप शब्दांचं होऊन बसतं. मग पुटपुटीने तेही बिघडतं आणि तुमची फुली पुसट होते. उजळण्याच्या क्रमातून ओळखीचा आकार किंवा अक्षर उमटत असेल तर तोही क्रम काढून टाका.

इशारा: हेच उलट बाजूनेही घडतं. आकडे परत सांगताना फोनसारख्या कीपॅडवर दाबायला लावले तर काही जण आकडे कीपॅडवरची वाट म्हणून लक्षात ठेवू लागतात. आकडे कागदावर लिहून घ्या.

## ३. प्रत्येकाची लांबी वेगळी ठरवा

सगळ्यांना सात आकडे आणि पाच चौकोन देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण त्यात प्रयोगाचा बळी जातो. ज्याला नऊ आकडे सहज येतात त्याचा गुण सातवर शंभर टक्के. जोडकामाने थोडं बिघडलं तरी दिसणारच नाही. ज्याला पाचच येतात तो एकटं काम करतानाच तळाला असतो, त्याचं आणखी काय घसरणार?

म्हणून सुरुवातीला जोडकामाशिवाय प्रत्येकाची क्षमता मोजा. लांबी तीनपासून सुरू करून प्रत्येक लांबीला चार याद्या द्या. चारपैकी किमान तीन पूर्ण बरोबर आल्या तर लांबी एकाने वाढवा. शेवटची जमलेली लांबी हीच त्या व्यक्तीची खऱ्या प्रयोगातली लांबी. आकडे आणि जागा यांची लांबी वेगवेगळी निघेल. जागांची जवळजवळ नेहमी कमी येते. त्यात काही बिघडत नाही. एकट्या कामात दोन्ही सारख्याच अवघड असणं एवढंच आपल्याला हवं आहे.

गुण यादीला नाही, स्थानाला द्या. सातपैकी पाच आकडे योग्य स्थानी असतील तर सातपैकी पाच. ‘पूर्ण यादी बरोबर की चूक’ असं मोजलं तर बरीच माहिती वाया जाते.

तपासणी: एकट्या कामाची सरासरी साधारण ७५ ते ९० टक्क्यांच्या दरम्यान आहे का? दोन्ही कामांची सरासरी एकमेकांच्या जवळ आहे का?

## ४. जोडकामं बसवा

पुटपुट. एकच छोटा शब्द, सेकंदाला दोन वेळा, ऐकू येईल एवढ्या आवाजात. ‘तर, तर, तर’ चालेल. ‘एक, दोन, तीन’ चालणार नाही, कारण मुख्य यादीच आकड्यांची आहे. मग उच्चार अडल्यामुळे बिघडलं की आकड्यांची सरमिसळ झाली म्हणून, हे कळणार नाही. मनातल्या मनात पुटपुटायला सांगणं तर निरर्थकच, तुम्हाला ते मोजता येत नाही.

चौकोनी टॅपिंग. चौकोनाच्या चार कोपऱ्यांना चार बटणं. सहभागी व्यक्ती न पाहता ती ठरलेल्या क्रमाने, सेकंदाला दोन या वेगाने दाबत राहते. हात खोक्याखाली किंवा पडद्याआड ठेवा. हात दिसत असला की डोळे तिकडे वळतात, स्क्रीनवरचा एखादा चौकोन बघायचाच राहतो, आणि ती चूक आठवणीच्या खात्यावर जाते. टॅपिंग एका हाताने, उत्तर दुसऱ्या हाताने.

एका बटणावरचं टॅपिंग. तोच हात, तेच खोकं, तोच वेग. बटण मात्र एकच.

ठेक्यासाठी मेट्रोनोम मिनिटाला १२० ठोक्यांवर ठेवा आणि तो चारही अटींमध्ये वाजू द्या, एकट्या कामातसुद्धा. फक्त जोडकामात वाजवला तर टकटक हा तुमच्या प्रयोगातला अनाहूत पाहुणा ठरतो.

सराव प्रत्येक जोडकामाचा स्वतंत्र, मुख्य कामाशिवाय, ठेका मिनिटभर न तुटता चालेपर्यंत. चौकोनी टॅपिंग नवीन असताना बरंच लक्ष खातं. सराव अपुरा राहिला तर ते स्केचपॅडबरोबर सेंट्रल एक्झिक्युटिव्हवरही भार टाकतं आणि आकड्यांची आठवणही घसरलेली दिसते.

इशारा: सराव संपल्यावर प्रत्येक जोडकामाचा नुसता वेग नोंदवून ठेवा. ही नोंद नसेल तर सातव्या पायरीत हात चोळत बसावं लागेल.

## ५. एका प्रयत्नाचा क्रम

क्रम सगळीकडे सारखा ठेवा.

१. स्क्रीनवर खूण येते, जोडकाम सुरू होतं.
२. तीन-चार सेकंद ते एकटंच चालतं, म्हणजे ठेका बसतो.
३. यादी दाखवली जाते, सेकंदाला एक.
४. आठ सेकंद स्क्रीन कोरी. जोडकाम चालूच.
५. उत्तराची खूण येते. जोडकाम थांबतं, सहभागी व्यक्ती उत्तर देते.

चुका बहुतेक चौथ्या टप्प्यात होतात. कोरी स्क्रीन आली की सहभागी व्यक्ती क्षणभर जोडकाम सोडून देते, आणि तेवढ्यात मनात यादी एकदा म्हणून घेते. आठ सेकंदांत सात आकड्यांची उजळणी सहज बसते. त्यामुळे जोडकाम यादीच्या आधी सुरू करून उत्तराच्या खुणेपर्यंत अखंड चालवायचं. उत्तराच्या वेळी थांबवायचं ते सगळ्याच अटींमध्ये.

सूचना देताना कोणत्या कामाला जास्त महत्त्व द्यायचं ते स्पष्ट सांगा. ‘दोन्ही नीट करा’ असं म्हटलं की प्रत्येक जण आपापला अर्थ लावतो. मी असं सांगतो: ठेका तुटता कामा नये, तो सांभाळून जितकं आठवेल तितकं आठवा. यामुळे घसरण मुख्य कामात दिसते, आणि तीच आपल्याला मोजायची आहे.

## ६. अटींचा क्रम फिरवा

प्रत्येक व्यक्ती आठही प्रकार करते, त्यामुळे सराव आणि थकवा यांचा परिणाम कोणत्या तरी अटीवर साचणारच. सगळ्यांचं एकटं काम पहिलं ठेवणं ही नेहमीची चूक. मग शेवटी आलेल्या अटीत थकव्यानेही गुण पडतात आणि ती घसरण जोडकामाच्या नावावर जमा होते.

चार अटींना अ, ब, क, ड म्हणा आणि हे चार क्रम वापरा:

```
अ ब ड क
ब क अ ड
क ड ब अ
ड अ क ब
```

यात प्रत्येक अट प्रत्येक स्थानी एकदा येते आणि प्रत्येक अटीच्या लगेच आधी उरलेल्या तिन्ही अटी एकेकदा येतात. निम्म्या लोकांना आकडे आधी, निम्म्यांना जागा आधी. म्हणजे एकूण आठ क्रम झाले. सहभागींची संख्या आठच्या पटीत घ्या. चोवीस जण असतील तर प्रत्येक क्रमाला तिघे येतात. प्रत्येक अटीत किमान दहा-बारा याद्या, त्याहून कमी असतील तर एका बेसावध प्रयत्नाने सरासरी हलते.

## ७. आधी जोडकामाचे आकडे पाहा

मुख्य कामाचे गुण उघडण्याआधी ही पायरी करा, कारण एकदा मनासारखा निकाल दिसला की इकडे कोणी परत येत नाही.

जोडकाम नुसतं करतानाचा वेग आणि मुख्य कामासोबतचा वेग शेजारी ठेवा. सात आकडे आणि आठ सेकंद मिळून पंधरा सेकंद झाले. सेकंदाला दोन या हिशेबाने ३० उच्चार व्हायला हवेत. समजा एका व्यक्तीचा पुटपुटीतला गुण ७९ टक्के आहे, एकट्या कामातला ८१. पाहणाऱ्याला वाटेल की हिच्यावर पुटपुटीचा परिणामच नाही. ध्वनिमुद्रण ऐकलं तर पंधरा सेकंदांत १७ उच्चार, तेही बहुतेक यादी चालू असतानाचे. कोऱ्या स्क्रीनवर लांब लांब विराम. आठवण टिकली, कारण पुटपुट सोडून दिली होती. हा घटकांचा पुरावा नाही, सौदा आहे.

अशा प्रयत्नांचं काय करायचं ते प्रयोगाआधीच ठरवा. उदाहरणार्थ, जोडकाम अपेक्षित संख्येच्या ८० टक्क्यांखाली गेलं तर तो प्रयत्न बाद. नियम निकाल पाहून ठरवला तर तो नियम राहत नाही.

तपासणी: जोडकामाचा वेग आकड्यांबरोबर आणि जागांबरोबर साधारण सारखाच घटला का? चौकोनी टॅपिंग फक्त जागांबरोबर कोलमडत असेल तर तीही घसरणच आहे. ती अहवालात वेगळी दाखवा.

## ८. गुणांचं वाचन

पद्धत समजावी म्हणून एक कल्पित तक्ता घेऊ. गुण टक्क्यांत आहेत.

| | एकटं | पुटपुट | चौकोनी टॅपिंग | एक बटण |
|---|---|---|---|---|
| आकडे | ८२ | ५५ | ७७ | ७९ |
| जागा | ८० | ७७ | ५८ | ७६ |

प्रत्येक ओळीत एकट्या कामातून बाकीचे वजा करा. आकड्यांची घसरण पुटपुटीने २७, चौकोनी टॅपिंगने ५, एका बटणाने ३. जागांची अनुक्रमे ३, २२ आणि ४.

प्रथम एक बटण पाहा. दोन्ही ओळींत तीन-चार गुणांची घसरण आहे. ही कोणतंही दुसरं काम सोबत करण्याची किंमत. चौकोनी टॅपिंगने आकड्यांचे ५ गुण गेले, म्हणजे जवळजवळ तेवढीच किंमत. त्यात जागेचा वेगळा वाटा फारसा नाही. जागांचे मात्र २२ गेले. त्यातले चार वजा केले तरी १८ उरतात, आणि ते जागा बदलत टॅप करण्यामुळेच गेले.

आता फुली. आकड्यांसाठी पुटपुटीची घसरण वजा चौकोनी टॅपिंगची घसरण: २७ − ५ = २२. जागांसाठी ३ − २२ = −१९. चिन्हं उलट आली, दोहोंतलं अंतर ४१. प्रत्येक व्यक्तीसाठी हे एकच अंतर काढा आणि ते सरासरीने शून्यापेक्षा वेगळं आहे का ते एक-नमुना टी-चाचणीने तपासा. त्याशिवाय दोन्ही वजाबाक्या स्वतंत्रपणे तपासा, कारण अंतर मोठं असूनही चिन्हं उलटी नसणं शक्य आहे.

इथे सर्वांत जास्त घडणारी चूक अशी: पुटपुटीने आकडे लक्षणीय घसरले, जागा लक्षणीय घसरल्या नाहीत, म्हणून परिणाम वेगळे. हा निष्कर्ष चालत नाही. एक फरक लक्षणीय ठरणं आणि दुसरा न ठरणं यावरून त्या दोघांत फरक आहे असं होत नाही. पहिला रेषेच्या जरा अलीकडे आणि दुसरा जरा पलीकडे असू शकतो. घसरणींची थेट तुलना करावीच लागते.

प्रयोगानंतर प्रत्येकाला विचारा, ‘जागा कशा लक्षात ठेवल्या?’ कोणी म्हणालं ‘मनात डावा-उजवा म्हणत होतो’, तर त्याच्या ओळीत पुटपुटीचा परिणाम जास्त दिसेल. त्याला वगळू नका, पण त्याच्यासह आणि त्याच्याशिवाय असं दोनदा मोजून दोन्ही दाखवा.

## ९. या प्रयोगातून काय म्हणता येत नाही

सेंट्रल एक्झिक्युटिव्हबद्दल यातून काहीच निघत नाही. एका बटणाने झालेल्या तीन-चार गुणांच्या घसरणीकडे बोट दाखवून ‘हा एक्झिक्युटिव्ह’ म्हणू नका. त्यासाठी लक्ष खाणारं जोडकाम हवं. सहसा रँडम जनरेशन घेतात: ठेक्यावर अक्षरं किंवा आकडे कोणताही क्रम लागू न देता बोलत राहायचं. दर वेळी ओठांवर आलेला ओळखीचा क्रम दाबावा लागतो, म्हणून ते दमवतं. पण तेही बोलणंच आहे, म्हणजे लूप त्यात गुंततोच. त्यामुळे त्याची तुलना एकट्या कामाशी करू नका, त्याच वेगाच्या साध्या पुटपुटीशी करा. जादा घसरण ती एक्झिक्युटिव्हची.

बुद्धिबळावरच्या १९९६ च्या एका प्रयोगात, ज्यात बॅडलीही होते, ही मांडणी छान दिसते. डावातली मांडणी आठवणं आणि पुढची चाल शोधणं, या दोन्हींवर पुटपुटीचा परिणाम जवळपास झाला नाही. कीपॅडवर ठरलेल्या क्रमाने बटणं दाबण्याचा आणि रँडम जनरेशनचा मात्र झाला.

१९७४ च्या मूळ प्रयोगांतली एक गोष्ट उलट दिशेने सावध करते. ‘अ हा ब च्या नंतर येतो’ अशी वाक्यं सोबत दाखवलेल्या अक्षरांच्या जोडीसाठी खरी की खोटी हे ठरवताना लोकांना आकडे धरून ठेवायला लावले होते. आकडे वाढले तसा वेळ वाढला, पण काम ठप्प झालं नाही, चुकाही फारशा वाढल्या नाहीत. आकड्यांनी पूर्ण साठा भरत असता तर विचार करायला जागाच उरली नसती. म्हणून वेळ आणि चुका दोन्ही नोंदवा. फक्त चुका पाहिल्या असत्या तर परिणाम नाही असं वाटलं असतं, फक्त वेळ पाहिला असता तर सगळं एकाच साठ्यात आहे असं.

स्केचपॅडबद्दलही ‘दृश्य’ हा शब्द जपून वापरा. कोर्सी आणि चौकोनी टॅपिंग दोन्ही जागा आणि हालचाल यांची कामं आहेत. रंग, आकार किंवा एकदम दाखवलेला नमुना धरून ठेवणं हे त्यापासून काही अंशी वेगळं असल्याचे पुरावे आहेत. ते तपासायचं तर मुख्य काम बदलून, चौकटीतले काही रकाने भरलेला नमुना एकाच वेळी दाखवावा लागेल, आणि जोडकामही दृश्य निवडावं लागेल. तिथे चौकोनी टॅपिंगने फारसं काही बिघडलं नाही, तर चूक तुमच्या प्रयोगाची असेलच असं नाही.